गरोदर बाईला ताप आला तर: पहिल्या रात्रीपासून दवाखान्यापर्यंत

रात्रीचे अकरा वाजलेत. सातवा महिना लागलेली सून दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडतेय. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणतात, "अगं बाई, चटका बसतोय!" नवरा कपाटातला औषधांचा डबा उपसतोय. डब्यात तीन-चार अर्धवट स्ट्रिप आहेत, आणि त्यातली कुठली गोळी द्यायची हे घरात कोणालाच नक्की माहीत नाही.

कोकणातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, प्रसूती विभागात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. पावसाळा सुरू झाला की अशा रात्रीनंतरची सकाळ आमच्याकडे येते. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात पहिलंच गरोदरपण आहे त्यांच्यासाठी. वर जी सून सांगितली तिचीच गोष्ट मध्ये मध्ये येईल, कारण त्या घराने काही गोष्टी अगदी बरोबर केल्या आणि दोन गोष्टी चुकल्या. ती एकोणतिसाव्या आठवड्यात होती, वजन ५४ किलो.

आधी ताप मोजा

हाताला चटका बसतो म्हणजे किती, हे फोनवर डॉक्टरांना सांगता येत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर मेडिकलमध्ये मिळतो, गरोदरपणात तो घरात असावाच. जिभेखाली ठेवायचा असेल तर चहा किंवा गरम पाणी पिऊन निदान वीस मिनिटं झालेली हवीत. काखेत ठेवायचा असेल तर काख कोरडी पुसून हात अंगाला घट्ट लावून ठेवा. काखेतला आकडा जिभेखालच्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, तेव्हा कुठे मोजला हेही लिहून ठेवा. कपाळावर धरायच्या बंदुकीवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. पंख्याखाली, घाम आलेल्या कपाळावर ती काहीही आकडा दाखवते.

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर आकडा आला, तर तो ताप. गरोदर बाईच्या बाबतीत याला 'थोडी कणकण' म्हणायचं नाही. ९९ च्या आसपासचा आकडा मात्र गरोदरपणात, विशेषतः संध्याकाळी, पुष्कळदा दिसतो. तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. दोन तासांनी पुन्हा मोजा.

त्या सुनेचा ताप जिभेखाली १०२.४ होता. तिच्या नवऱ्याने शाळेच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहिलं: रात्री ११, १०२.४, थंडी वाजते आहे. ही त्या घराने केलेली पहिली चांगली गोष्ट. पुढे त्या पानाचा आम्हाला किती उपयोग झाला ते सांगतेच.

ताप का उतरवायचा

बाळाला स्वतःचा घाम येत नाही. त्याच्या अंगातली उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि आईच्या कातडीवाटे बाहेर पडते. त्यामुळे बाळाचं तापमान नेहमीच आईपेक्षा जवळजवळ एक अंश फॅरनहाइट जास्त असतं. आई १०२ वर असेल तर बाळ त्याच्याही वर आहे, असं समजा. म्हणूनच आईला ताप असताना बाळाचे ठोकेही वाढतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत याला आणखी एक कारण आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी शेवटच्या पाळीपासून मोजल्यास सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते. त्या काळात दीर्घकाळ चढलेला जास्त ताप त्या जडणघडणीत अडथळा आणू शकतो. एकदा दोन तास ताप आला म्हणजे काही झालंच, असं मुळीच नाही. पण 'दिवस नुकतेच राहिलेत, गोळीच नको' म्हणून १०३ चा ताप अंगावर काढणं हा गोळीपेक्षा मोठा धोका आहे.

गोळी: फक्त पॅरासिटामॉल, आणि तीही वाचून

तापासाठी गरोदरपणात घरच्या घरी घेता येण्यासारखं एकच औषध आहे, पॅरासिटामॉल. नऊही महिन्यांत चालतं. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. वजन ५० किलोच्या खाली असेल तर ५०० चीच घ्यावी. यकृताचा आजार किंवा कावीळ असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नको. रिकाम्या पोटी घेतली तरी चालते, पण मळमळत असेल तर चार घास पेज पोटात गेलेली बरी.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणी मला विचारतात, "सिस्टर, पॅरासिटामॉलने मुलाला ऑटिझम होतो म्हणे?" सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी पातळीवरून तसं बोललं गेलं आणि ते मोबाइलवरून घरोघरी पोचलं. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की असा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही. त्याआधी, २०२४ मध्ये, स्वीडनमधल्या जवळजवळ २५ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, म्हणजे एकाच्या वेळी आईने पॅरासिटामॉल घेतलं होतं, दुसऱ्याच्या वेळी नाही. तशी तुलना केल्यावर फरक राहिला नाही. गरजेपुरती, मोजून घेतलेली गोळी घ्यायला घाबरू नका.

खरी गडबड होते ती डब्यात. आपण जिला 'तापाची गोळी' म्हणतो, ती पुष्कळदा नुसतं पॅरासिटामॉल नसतेच. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये जोड-गोळ्या फार चालतात. वरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय काय आहे ते छापलेलं असतं. अक्षर लागत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. तिथे पॅरासिटामॉल हे एकच नाव असेल तर गोळी चालेल. त्याच्या सोबत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अॅसिड यांतलं एखादं नाव दिसलं, तर ती स्ट्रिप परत डब्यात ठेवा.

ही सगळी दुखण्यावरची आणि सुजेवरची औषधं एकाच घराण्यातली. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. बाळाची लघवी कमी झाली की गर्भजल कमी होतं, कारण त्या वयात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. तिसाव्या आठवड्याच्या पुढे आणखी एक धोका वाढतो. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर बंद व्हायची असते, ती या औषधांनी पोटातच आवळली जाऊ शकते. आणि ताप डेंग्यूचा निघाला तर याच गोळ्या रक्तस्रावाची भीती वाढवतात. पहिल्या महिन्यांतही ती स्वतःहून घेऊ नयेत.

आता त्या सुनेकडे येते. संध्याकाळी पाचला तिचं अंग मोडून येत होतं. दीर मेडिकलमध्ये गेला, 'अंगदुखीची गोळी द्या' म्हणाला. गोळी गरोदर बाईला हवी आहे हे सांगायचं राहून गेलं. ही पहिली चूक. मिळालेल्या गोळीत एसेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ होतं. तिने एक घेतली. रात्री नवऱ्याने मागची बाजू वाचली तेव्हा तिला रडूच कोसळलं. तुमच्याकडे असं झालं तर एवढं लक्षात ठेवा: चुकून घेतलेल्या एका गोळीने बाळाचं काही वाईट होण्याची शक्यता फार कमी. पुढची घेऊ नका आणि डॉक्टरांना वेळेसकट सांगा. तिच्या वहीत त्याप्रमाणे नोंद झाली. पाच वाजता पॅरासिटामॉल ३२५ पोटात गेलं होतं, सहा तास उलटले होते, म्हणून सव्वाअकराला नुसत्या पॅरासिटामॉलची ६५० ची गोळी द्यायला हरकत नव्हती. ती दिली.

असाच हिशेब सर्दीच्या गोळ्यांचाही करावा लागतो. त्यांतही पॅरासिटामॉल असतं, शिवाय नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं असतात. सर्दीची एक आणि तापाची एक अशा दोन घेतल्या की पॅरासिटामॉल नकळत दुप्पट होतं.

अजून तीन गोष्टी, थोडक्यात. रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी दिलेली लहान मात्रेची अॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतः बंद करू नका, पण ताप आल्यावर पुढचा डोस घेण्याआधी फोन करून विचारा. गावातल्या दवाखान्यात 'ताप उतरायचं इंजेक्शन' देऊ लागले तर त्यात कुठलं औषध आहे ते विचारा, कारण ते पुष्कळदा डायक्लोफेनॅक असतं. आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक गोळी कधीही घेऊ नका. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही घराघरांत उरलेली सापडतात, आणि गरोदरपणात तीच शक्यतो टाळतात. गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स पुष्कळ आहेत, पण कुठल्या जंतूवर कुठलं, हे तपासणीनंतर ठरतं.

काढ्याबद्दलही स्पष्ट सांगते, कारण तो प्रेमाने दिला जातो आणि नाही म्हणणं सुनेला जड जातं. आल्याचा पातळ चहा, तुळशीची चार पानं घातलेलं पाणी, याला कोणी अडवत नाही. पण गुळवेलीचा घट्ट काढा किंवा डेंग्यू असेल म्हणून पपईच्या पानांचा रस गरोदर बाईला देऊ नका. तिच्यासाठी आणि बाळासाठी ते सुरक्षित आहे असं कोणी तपासून दाखवलेलं नाही.

अंग थंड करायचं, पण बर्फ नाही

थंडी वाजत असेपर्यंत एक पातळ पांघरूण द्या. थंडी थांबली की ते काढा. सुती सैल कपडे, पंखा मंद, खिडकी उघडी. साध्या किंवा कोमट पाण्यात फडकं भिजवून पिळून मान, काखा, जांघा पुसा. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, थरकाप सुटतो आणि आतला ताप उलट चढतो. झोपताना डाव्या कुशीवर. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या बाजूच्या मोठ्या शिरेवर पडतो, आणि तापाने आधीच खाली आलेलं ब्लडप्रेशर आणखी उतरतं.

पाणी: घोट घोट, आणि लघवीकडे लक्ष

तापात घाम जातो, श्वास जलद होतो, खाणं सुटतं. गरोदर बाईचं अंग कोरडं पडलं की गर्भाशय आवळायला लागतं, आणि अकाली कळांची भीती इथूनच सुरू होते. म्हणून पाणी हे गोळीइतकंच औषध आहे.

दिवसभरात सगळं मिळून अडीच ते तीन लिटर पोटात जाईल असं बघा. पण 'भरपूर पी' असं सांगून काही होत नाही. मळमळणाऱ्या बाईला तांब्याभर पाणी समोर ठेवलं की तिला उलटीच येते. त्यापेक्षा बाजूला एक वाटी ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. तासाला एक मोठा पेला संपला की पुरे. पाणी, भाताची मीठ घातलेली पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी, शहाळं, लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत, यातलं जे जाईल ते. चहा-कॉफीवर भागवू नका.

उलट्या किंवा जुलाब असतील, घाम फार गेला असेल, तर ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घातलं तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. छोटं पाकीट २०० मिलिलिटरसाठी असतं. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलेलं टाकून द्या. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघा. ओआरएससारख्या नावांची गोड पेयं बाटलीत, खोक्यात मिळत आली आहेत, ती हे काम करत नाहीत. २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पुरेसं पाणी जातंय का हे कशावरून ओळखायचं? लघवीवरून. तीन-चार तासांनी एकदा होतेय आणि रंग फिका पिवळा आहे, म्हणजे बरं चाललंय. गडद, थोडी, चहासारखी लघवी म्हणजे पाणी कमी पडतंय. आठ तासांत लघवीच नाही, तर दवाखाना.

ज्यांना हृदयाचा आजार आहे, किंवा ब्लडप्रेशर वाढून अंगावर सूज आली आहे, त्यांना मात्र किती पाणी चालेल हे डॉक्टरांनाच विचारायचं. त्यांच्या फुप्फुसात पाणी साठू शकतं. गरोदरपणातला मधुमेह असलेल्यांनी शहाळं आणि सरबत बेताने घ्यावं, पण ओआरएसची गरज असेल तर ते टाळू नये, साखर मोजत राहावी.

ताप उतरला म्हणजे झालं का?

नाही. हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. गोळीने आकडा खाली येतो, कारण तसंच राहतं.

त्या रात्री सव्वाबाराला सुनेचा ताप १००.२ वर आला. तिला घाम आला, बरं वाटलं, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सगळे झोपले. ही दुसरी चूक. थंडी वाजून १०२ च्या वर ताप चढलेली गरोदर बाई रात्रीच दवाखान्यात यायला हवी होती. पहाटे पाचला ती पुन्हा कुडकुडत उठली. ताप १०२.८. दिलेली गोळी दहा मिनिटांत उलटून पडली. पोट मधून मधून दगडासारखं घट्ट होत होतं. तेव्हा गाडी काढली.

आमच्याकडे आली तेव्हा नाडी ११८, ब्लडप्रेशर १०० वर ६०, श्वास मिनिटाला २२. बाळाचे ठोके १७२. ते साधारण ११० ते १६० असावेत. मी पाठीवर, उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली हलकेच मूठ टेकवली आणि ती कळवळली. मग विचारलं, लघवीला जळजळ? म्हणाली, चार दिवस होतेय, वारंवार जावंही लागतंय, पण बाळाचं वजन पडतंय म्हणून असेल असं वाटलं.

लघवीत पू भरपूर. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. उजव्या मूत्रपिंडापर्यंत जंतू चढले होते. गरोदरपणात गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांमुळे सैलावलेली मूत्रनळी यांमुळे लघवी वर साचून राहते, उजवीकडे जास्तच. मूत्राशयातला साधा संसर्ग म्हणूनच पटकन वर चढतो, आणि तिथून रक्तात.

सलाइन सुरू केलं, रक्त आणि लघवी कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे ते बघायच्या तपासणीला पाठवली, शिरेतून सेफट्रायअॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. दोन तासांत पोट आवळणं कमी झालं. बाळाचे ठोके संध्याकाळी १५० च्या घरात आले. ताप पूर्ण जायला दोन दिवस लागले. नवऱ्याने आणलेल्या वहीच्या पानावरून आम्हाला एका नजरेत कळलं की तापाचे चढउतार कसे आहेत, कुठली गोळी किती वाजता गेली आणि रात्रभरात लघवी फक्त एकदाच झाली आहे. डॉक्टरांना पुढचा डोस ठरवायला एक मिनिटही लागलं नाही.

आता, गरोदर बाईच्या तापाची एवढी घाई का? एक कारण असं की तिचं शरीर आजार लपवतं. गरोदरपणात नाडी मुळातच जलद असते, ब्लडप्रेशर थोडं कमी असतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. तरुण, धडधाकट बाई बराच वेळ तग धरते आणि बोलताना ठीक वाटते. मग बिघडते ती काही तासांत. दुसरं म्हणजे काही आजार तिला इतरांपेक्षा जोरात धरतात. फ्लू असेल तर न्यूमोनिया लवकर होतो, आणि त्याचं औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तरच पुरता गुण येतो. ते गरोदरपणात देतात. मलेरियाचे जंतू वारेत साठून बसतात, बाळाचं वजन घटतं. मलेरियाचीही गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, कुठलं द्यायचं हे जंतूच्या प्रकारावर आणि महिन्यावर ठरतं. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलेल्यांना लेप्टो हा जंतूंचा ताप होतो, त्याचंही तसंच.

आणि डेंग्यू. त्यात ताप चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप उतरतो, घरचे म्हणतात बरी झाली, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. ताप उतरताना पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण थकवा किंवा अस्वस्थता दिसली तर त्या क्षणी निघा.

कधी निघायचं

१००.४ च्या वर ताप आला की, सर्दीचा वाटला तरी, त्याच दिवशी दाखवायचं. रात्री दहाला आला आणि बाकी सगळं ठीक असेल तर सकाळी पहिल्या ओपीडीला. 'तीन दिवस बघू' हा नियम गरोदर बाईला लागू नाही.

रात्र असो वा पहाट, ताबडतोब निघायचं ते या वेळी: थंडी वाजून ताप किंवा १०२ च्या वर आकडा, गोळीनंतरही ताप हलत नाही, गोळी, पाणी पोटात ठरत नाही, धाप लागते, छातीत दुखतं किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ च्या खाली, झोपेत बरळते, नीट ओळखत नाही, झटका येतो, डोकं फुटेल असं दुखतं, मान आखडते, अंगावर पुरळ येतं, पाठीत बरगडीखाली दुखतं, पोट राहून राहून घट्ट होतं, अंगावरून पाणी किंवा रक्त जातं. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास असेल आणि ताप असेल तर गर्भाशयातच जंतू शिरलेले असू शकतात, तिथे तासाचाही उशीर नको.

बाळाची हालचालही मोजा. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डाव्या कुशीवर शांत पडून बघा. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर आईचा ताप उतरलेला असला तरी या.

गाडी नसेल तर १०८ लावा. गरोदर बाईसाठी १०२ चीही गाडी आहे. आशाताईंचा नंबर फोनमध्ये आधीच ठेवा. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपणाचा औषध-तपासणी-प्रवासाचा खर्च घेत नाहीत, आणि पुढे त्यात गरोदरपणातल्या गुंतागुंतीही आल्या. पैशासाठी सकाळपर्यंत थांबू नका.

निघताना पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्तगटाचे कागद, घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप आणि ती वही. दाराशी पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य हे बोला: "गरोदर आहे, इतके आठवडे, इतका ताप, इतक्या वाजल्यापासून." केस पेपरच्या रांगेत मुकाट उभं राहू नका. शेवटची लघवी कधी झाली आणि बाळ शेवटचं कधी हललं, हे दोन प्रश्न आम्ही विचारणारच, गाडीत बसल्यावर आठवून ठेवा. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर आधी धुवा, पहिली धार सोडा, मधली डबीत घ्या.

घरी आल्यावर

आमची सून चौथ्या दिवशी घरी गेली. अँटिबायोटिक एकूण चौदा दिवसांचं होतं. पाचव्या दिवसापासून तिला अगदी बरं वाटत होतं, आणि गोळ्या सुटतात त्या इथेच. पुरत्या कोर्सआधी थांबलं की तेच जंतू परत वर चढतात. तिने सगळ्या संपवल्या. संपल्यावर आठवड्याने लघवी पुन्हा कल्चरला दिली, ती स्वच्छ आली. तरीही डॉक्टरांनी तिला बाळंतपणापर्यंत दर महिन्याला लघवी तपासायला बोलावलं, कारण एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते.

त्या तपासण्यांना ती यायची तेव्हा वही बरोबर असायची. मागच्या पानावर आता तापाऐवजी बाळाच्या हालचाली लिहिलेल्या होत्या, रोज रात्री जेवणानंतर, नवऱ्याच्या अक्षरात.